नादारीचा अर्ज

पत्र इंग्रजीत होतं, पण पहिल्या ओळीपासूनच त्याला मराठी शाळेचा वास येत होता. आधी 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम', मग 'विषय : प्रवेश शुल्क माफ होण्याबाबत', मग 'वरील विषयास अनुसरून'. खाली साडेसहाशे शब्द. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. घर भाड्याचं. भाऊ बारावीला. वडिलांना अलीकडे ऐकू कमी येतं. चित्रपटासाठी आत्याने दिलेले पंधरा हजार अजून फेडायचे आहेत. शेवटी, 'तरी कृपया माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीने विचार व्हावा.' हे सगळं पोर्तुगालमधल्या एका लघुपट महोत्सवाच्या संचालकांना उद्देशून.

"हा नादारीचा अर्ज झाला," मी म्हटलं.

"म्हणजे काय सर?"

तिला शब्द माहीत नव्हता आणि त्यात तिची चूक नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत शाळेची फी माफ व्हायची त्याला नादारी म्हणत. अर्धी नादारी, पूर्ण नादारी. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा, अर्जात घरची दैना लिहायची आणि मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर हात मागे बांधून उभं राहायचं. ज्याची दैना जास्त त्याची नादारी पक्की. फी माफ करणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण आजही नकळत त्याच मुख्याध्यापकांच्या जागी बसवतो.

"सर, पण खरं तेच लिहिलंय की. एक अक्षर खोटं नाही."

खोटं नव्हतंच. अडचण वेगळी होती. ते साडेसहाशे शब्द वाचून झाल्यावरही तिचा चित्रपट किती मिनिटांचा आहे, कुठल्या भाषेत आहे, पुरा झालाय की नाही, हे कळत नव्हतं.

ही मुलगी कोल्हापुरात जनसंज्ञापनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाव देत नाही, कारण पत्र तिचं खासगी आहे. लघुपट १६ मिनिटांचा. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम करून बहिरा होत चाललेला माणूस आणि त्याच्याशी बोलताना आधी आवाज चढवणारी, मग हातवारे करणारी, मग बोलणंच कमी करत गेलेली त्याची मुलगी. पहिली ११ मिनिटं एकही संवाद नाही. खर्च ४१ हजार. त्यात तीन दिवसांचं कॅमेरा-लेन्सचं भाडं, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं मानधन, एक हार्ड डिस्क आणि बारा जणांचं जेवण. बाकी सगळे वर्गमित्र, फुकट.

चित्रपट झाला आणि मग लक्षात आलं, की तो पाठवायलाही पैसे लागतात.

तिने बारा महोत्सवांची यादी केली होती. तीन ठिकाणी शुल्क नव्हतं. उरलेल्या नऊ ठिकाणी सरासरी ३० डॉलर. डॉलर ८८ रुपयांना धरला तर २,६४० रुपये. पण कार्डावरून परकीय चलनात पैसे गेले की बँक आपला वेगळा आकार लावते. तिच्या आत्येभावाच्या कार्डावर तो साडेतीन टक्के होता आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एका अर्जाला साधारण २,७५० रुपये आणि नऊ अर्जांना पावणेपंचवीस हजार. चित्रपटाच्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त, आणि तेही फक्त 'आमचा चित्रपट बघा' एवढं सांगायला. शिवाय यूपीआय तिथे चालत नाही. तिच्या स्वतःच्या डेबिट कार्डावरचा परदेशी व्यवहार बंद होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवं कार्ड मिळतं तेव्हा तो बंदच असतो, आपण मागून सुरू करून घ्यायचा. म्हणून आत्येभावाचं कार्ड.

महोत्सव पैसे घेतात याचा राग विद्यार्थ्यांना येतो आणि तो मला समजतो. पण टेबलाच्या पलीकडची बाजूही मी पाहिली आहे. आपल्याकडच्या एका छोट्या लघुपट महोत्सवाच्या निवड समितीवर मी तीन वर्षं होतो. मोठ्यांचा आकडा घ्या. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाकडे २०२४ साली १२,०९८ लघुपट आले आणि त्यातून ५३ निवडले गेले. म्हणजे २२८मधून एक. सरासरी लघुपट पंधरा मिनिटांचा धरला, तर हे सगळे एकदा बघायलाच तीन हजारांहून जास्त तास लागतात. आणि एकदा बघून भागत नाही. एकाने नाकारलेलं दुसऱ्याने पाहायचं, हा निदान सभ्यपणाचा रिवाज आहे. बघणाऱ्यांना काही द्यावं लागतं, सभागृहाचं भाडं असतं, अर्ज ज्या संकेतस्थळावरून येतात ते आपला वाटा कापून घेतं. आणि शुल्क नसेल तर लोक लग्नाच्या चित्रफितीही पाठवतात. आमच्याकडे एकदा एका बंगल्याच्या वास्तुशांतीची आली होती, चाळीस मिनिटांची, ड्रोनसकट.

आता माफी नेमकी कशी मिळते ते सांगतो, कारण पत्र कसं लिहायचं ते त्यावरून ठरतं.

बहुतेक महोत्सव अर्ज स्वीकारतात ते फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळांवरून. पूर्वी विदाउटअबॉक्स नावाचं होतं, ते २०१९मध्ये बंद झालं. फिल्मफ्रीवेवर महोत्सवाला सवलतीचे कोड तयार करता येतात. किती टक्के सवलत, किती वेळा वापरता येईल, कुठल्या गटासाठी, कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं महोत्सव ठरवतो. शंभर टक्क्यांचा कोड म्हणजे पूर्ण माफी. आमच्या समितीत हंगामाच्या सुरुवातीला असे चाळीस कोड वेगळे ठेवले जायचे. महोत्सवाच्या ईमेलवर येणारी पत्रं एक स्वयंसेवक मुलगा वाचायचा. संचालक, ज्यांना 'रिस्पेक्टेड सर' म्हटलेलं असायचं, ती पत्रं कधीच बघायचे नाहीत. मुलगा पत्रातून चार गोष्टी उचलून तक्त्यात भरायचा : लांबी, भाषा, कुठला गट, दुवा. मग दर शुक्रवारी आम्ही दोघं तिघं तो तक्ता बघायचो, दुव्यावर जाऊन पहिली तीन-चार मिनिटं पाहायचो आणि कोड द्यायचा की नाही ते ठरवायचो.

म्हणजे माफी द्यायची की नाही हे चित्रपटाकडे बघून ठरायचं. घरची परिस्थिती हा त्या तक्त्यात रकानाच नव्हता. त्यात निर्दयपणा होता असं मला वाटत नाही. पत्र लिहिणारे जवळपास सगळेच अडचणीत होते; कोणाची अडचण मोठी हे इराण, मणिपूर आणि नांदेड यांच्यात आम्ही कसं ठरवणार होतो? मात्र हा चित्रपट आमच्या पडद्यावर लागू शकतो का, हे ठरवता येत होतं. कोड दिला म्हणजे आम्ही येणारं शुल्क सोडत होतो आणि त्याच्या बदल्यात एक पाहण्याजोगा चित्रपट ढिगात येत होता. इतका साधा हिशेब.

शेवटच्या आठवड्यात आलेल्या पत्रांचं काय व्हायचं तेही सांगायला हवं. काही नाही. तोवर चाळीस कोड संपलेले असायचे. आणि ज्याने आधी पैसे भरले आणि मग माफी मागितली, त्याला परत काही मिळायचं नाही. पत्र पाठवायचं ते अर्ज उघडले की पहिल्या दोन आठवड्यांत, आणि पैसे भरण्याआधी.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे पप्पांचं सगळं काढून टाकू?"

हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस राहिला. वडिलांचं बहिरेपण हा तिच्या चित्रपटाचा विषय आहे. तो तिने सोळा मिनिटांत फार संयमाने मांडला आहे. एका दृश्यात बाप जेवायला बसलेला आहे, मागे कुकरच्या शिट्ट्या होतायत, चार, पाच, सहा, आणि तो शांतपणे भाकरी मोडतोय. कोणी काही बोलत नाही. तेच बहिरेपण पत्रात 'सहानुभूतीने विचार व्हावा' म्हणून आलं, की कुकरचं दृश्य बघणारा आधीच दयेने बघायला लागतो. मी तिला एवढंच म्हटलं, की ते चित्रपटात आहे. पत्रात पुन्हा कशाला? पैशांची अडचण जरूर सांग, पण एका ओळीत, आकड्यासकट.

मग आम्ही पत्र नव्याने लिहिलं. दोन तास लागले. मूळ इंग्रजीत आहे. त्याचा मराठीतला आशय असा :

'नमस्कार. मी कोल्हापुरात जनसंज्ञापनाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. माझा १६ मिनिटांचा मराठी लघुपट जूनमध्ये पूर्ण झाला. इंग्रजी उपशीर्षकं आहेत. यंत्रमागाच्या आवाजात बहिरा होत चाललेला कामगार आणि त्याच्याशी बोलण्याची रीत बदलत गेलेली त्याची मुलगी, असा विषय आहे. पहिली ११ मिनिटं संवाद नाहीत. तुमच्या गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात ध्वनीला प्राधान्य देणाऱ्या लघुपटांचं स्वतंत्र सत्र होतं, म्हणून तो तुमच्याकडे पाठवावासा वाटतो. तो भारताबाहेर कुठेही दाखवलेला नाही आणि इंटरनेटवर खुला नाही. त्याला निर्माता किंवा अनुदान नाही. ४१ हजार रुपये घरातून आणि मित्रांकडून उभे केले. ३० डॉलरचं शुल्क मला भरता येणार नाही. विद्यार्थी गटात मला शुल्कमाफी मिळू शकेल का? पूर्ण माफी शक्य नसेल तर सवलतही चालेल. दुवा आणि पासवर्ड खाली आहे.'

यातल्या दोन ओळींबद्दल थोडं बोलायला हवं.

पहिली, ध्वनीच्या सत्राची. ही ओळ लिहायला तिने महोत्सवाची गेल्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका पूर्ण वाचली. तो अर्धा तास पत्रातला सर्वांत मोलाचा. सात महोत्सवांना पत्रं गेली, सातही पत्रांत ही ओळ वेगळी होती. समितीवर असताना आम्हाला रोज येणाऱ्या पत्रांत 'तुमच्या प्रतिष्ठित महोत्सवात' असं असायचं आणि एकदा तर प्रतिष्ठित महोत्सवाचं नाव दुसऱ्याच शहरातल्या महोत्सवाचं होतं. नक्कल करून चिकटवताना राहिलेलं. आम्ही हसलो आणि पुढे गेलो.

दुसरी ओळ 'सवलतही चालेल' ही. ती मी सुचवली आणि आज मला ती चूक वाटते. अर्ध्यावर तयार आहोत असं पहिल्याच पत्रात सांगितलं, की समोरचा अर्ध्यावरच थांबतो. एका महोत्सवाने नेमकं तसं केलं. ५० टक्के सवलत देऊ केली. १५ डॉलर म्हणजे पुन्हा तेराशे-चौदाशे रुपये. तिने पाठवला नाही. ती ओळ दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवायला हवी होती, नकार आला असता तेव्हा वापरायला.

दुव्याचीही एक गंमत झाली. पहिल्या मसुद्यात तिने गूगल ड्राइव्हचा दुवा दिला होता. मी माझ्या फोनवरून उघडला तर 'परवानगी मागा' असं आलं. तिच्या फोनवर अर्थातच उघडत होता, कारण फाइल तिची. समितीत आम्ही असे दुवे परवानगी न मागता सोडून द्यायचो. शुक्रवारच्या संध्याकाळी पन्नास पत्रं समोर असताना एकाच्या परवानगीची वाट कोण बघेल? दुवा नेहमी दुसऱ्याच्या फोनवर, आपलं खातं नसलेल्या ठिकाणी उघडून बघावा. आणि चित्रपट यूट्यूबवर सर्वांसाठी खुला टाकू नये. बरेच महोत्सव आधी कुठे दाखवला आहे ते विचारतात आणि इंटरनेटवर खुला असलेला चित्रपट काहींच्या नियमात बसतच नाही. पासवर्ड लावलेला दुवा चालतो. फक्त तो पासवर्ड नंतर बदलायचा नाही.

पत्र कोणाला पाठवायचं नाही, हेही ठरवावं लागलं. नऊपैकी दोन महोत्सवांनी नियमातच लिहिलं होतं, की शुल्कमाफी दिली जात नाही. तिथे लिहिणं म्हणजे आपण नियम वाचले नाहीत हे कळवणं. कान महोत्सवाचा ला सिनेफ हा विद्यार्थी विभाग तिच्या मनात होता. पुण्याच्या एफटीआयआयच्या 'कॅटडॉग'ला २०२०मध्ये आणि 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो'ला २०२४मध्ये तिथे पहिलं पारितोषिक मिळालं, ते सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. पण तो विभाग चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमात एका सत्रात लघुपट करणाऱ्या कॉलेजचं तिथे काय होईल, हे पत्र लिहून सुटणारं कोडं नव्हतं. तिने ते बाजूला ठेवलं. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' तेव्हाच्या अहमदनगरमध्ये अशाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झाला आणि त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे सर, त्याच्यामुळंच तर कॉलेजला आलोय." इचलकरंजीकडच्या मुली स्वतःबद्दल असंच बोलतात, आलोय, गेलतो.

सात पत्रांची उत्तरं अशी. दोघांनी पूर्ण माफीचा कोड दिला. त्यात एक पोर्तुगालचा आणि दुसरा कॅनडातला, कामगारांच्या जगण्यावरचे चित्रपट दाखवणारा. एकाने अर्धी सवलत, एकाने दोन ओळींचा सौजन्यपूर्ण नकार. तिघांकडून काहीच नाही. दहा दिवसांनी तिघांनाही एकेक आठवण पाठवली, तरी काही नाही. तिसरं पत्र मी पाठवू दिलं नाही.

कोड आल्यावरही एक घोळ झाला. तिने अर्ज भरताना 'आंतरराष्ट्रीय लघुपट' हा गट निवडला आणि कोड टाकला तर पडद्यावर तो अवैध आहे असं आलं. ती घाबरली. तिला वाटलं महोत्सवाने विचार बदलला. कोड विद्यार्थी गटापुरताच केलेला होता. पत्रात आम्हीच तसं मागितलं होतं. गट बदलला आणि एकूण रक्कम शून्य झाली. तिने लॅपटॉप मिटायला घेतला तेव्हा मी हात धरला. रक्कम शून्य झाली तरी शेवटचं बटण दाबून अर्ज पुरा करावा लागतो. तसा न केलेला अर्ज टोपलीत पडून राहतो आणि मुदत उलटून जाते. समितीवर असताना आम्ही दिलेल्या कोडांपैकी काही दर वर्षी न वापरताच राहायचे, त्याचं एक कारण हेच असावं.

सप्टेंबरच्या शेवटी शेवटी तिच्या ईमेलवर वेगळीच पत्रं यायला लागली. 'आम्ही तुमचा प्रकल्प पाहिला आणि प्रभावित झालो. तुमच्यासाठी खास ६० टक्के सवलत.' न मागता. तिला आनंद झाला होता. मी दुवा तपासायला सांगितला : तो कोणी उघडून पाहिलाच नव्हता. असे 'महोत्सव' दर महिन्याला विजेते जाहीर करतात, पुरस्कारांचे शंभर-सव्वाशे प्रकार असतात, चित्रपट कुठल्या सभागृहात कधी दाखवणार त्याचा पत्ता नसतो आणि निवड झाली की करंडकाचे पैसे वेगळे मागतात. भित्तिपत्रकावर लावायला पानांची महिरप मात्र लगेच मिळते. खरा महोत्सव गेल्या वर्षीच्या खेळांचं वेळापत्रक दाखवू शकतो : तारीख, सभागृह, चित्रपटांची नावं. ते नसेल तर ६० टक्केच काय, शंभर टक्के सवलतही महाग.

पोर्तुगालच्या महोत्सवाने नोव्हेंबरमध्ये नकार कळवला. कॅनडाच्या महोत्सवाने चित्रपट निवडला. प्रवासाला पैसे देता येणार नाहीत, चित्रपटगृहासाठीची डीसीपी मात्र पाठवा, असं त्यांनी लिहिलं. तिने डीसीपी-ओ-मॅटिक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून कॉलेजच्या संगणकावर रात्रभर बसून ती बनवली. पहिल्या खेपेला आवाज एकाच बाजूने येत होता, तो दुसऱ्या खेपेला नीट झाला. कुकरच्या शिट्ट्यांसाठी तरी तो नीट यायलाच हवा होता.

आता आपल्याकडे महोत्सव भरवणाऱ्यांना एक विनंती. नियमावलीत शुल्काच्या ओळीखाली आणखी तीन ओळी घाला : माफी देतो की नाही, किती जणांना देतो, आणि कुठल्या तारखेपर्यंत कोणाला लिहायचं. आम्ही तीन वर्षांत त्या घातल्या नव्हत्या.